गाइडातला नकाराधिकार

शाळेच्या फाटकावरच्या रखवालदाराला सगळे शांतिदूत म्हणत. मुलं म्हणत, शिक्षक म्हणत, दूधवाला म्हणे, आणि बायको रागावली की तीही म्हणे. नाव पाडलं होतं शाळेच्या लिपिकाने, आणि पाडलं होतं चेष्टेनेच. कारण एवढंच, की फाटकाजवळच्या खोलीत, किल्ल्यांच्या फळीखाली, एका खिळ्याला एक निळी टोपी टांगलेली असे. ती टोपी शांतिदूताने सैन्यात असताना परदेशात मिळवली होती. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत त्याने दोन खेपा काढल्या होत्या, आणि हे सांगायची त्याला फार हौस होती अशातलाही भाग नाही. पण टोपी दिसते, माणसं विचारतात, आणि विचारणाऱ्याला पहिल्या दोन वाक्यांनंतर घड्याळ बघायची घाई होते. मग शांतिदूत आपला गप्प बसून नोंदवहीत गाड्यांचे नंबर लिहीत बसे.

त्याच्या कामाची रीत मात्र बघण्यासारखी होती. शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर गाड्या लावण्यावरून पालकांची रोज जुंपे. दुसरा रखवालदार असता तर शिट्टी फुंकून ओरडला असता. हा दोघांच्या मधे जाऊन उभा राही, हात मागे बांधून. कोणाची बाजू घेत नसे, कोणाला हात लावत नसे. आधी एकाला विचारी, "मी मधे बोललो तर चालेल का?" मग दुसऱ्याला तेच विचारी. दोघं हो म्हणाले तरच तोंड उघडी. लोक चक्रावत. भांडायला आलेल्या माणसाला कोणी परवानगी मागितली की त्याचं अर्धं भांडण तिथंच गळून पडतं, हे त्याला अनुभवाने कळलं होतं. आणि कोणी नाही म्हणालं तर? तर तो तसाच उभा राही आणि काय झालं ते वहीत लिहून ठेवी. मुख्याध्यापिका बाई म्हणत, "याच्या वह्या वाचल्या तर आपल्या शाळेवर कादंबरी होईल." पण त्या वह्या त्यांनी कधी उघडल्या नाहीत.

नऊ वर्षं हा माणूस कंत्राटावर उभा होता. दर वर्षी कंत्राट संपे, दर वर्षी वाढे, आणि वाढेपर्यंत महिनाभर घरात कोणी मोठ्याने हसत नसे. मग त्या वर्षी शाळेच्या कार्यालयात सहायकाची एक कायम जागा निघाली. मुख्याध्यापिका बाईंनी त्याला बोलावून सांगितलं, "जागा तुम्हाला द्यायचं माझ्या मनात आहे. पण बारावी पास लागते. माझा इलाज नाही." शांतिदूत दहावी होऊन सैन्यात गेलेला. वय सेहेचाळीस. त्याने मान हलवली आणि बाहेरून बसायचा अर्ज भरला. गंमत अशी, की त्याच वर्षी त्याची मुलगीही बारावीला होती.

मग सुरू झाला घरात तमाशा. एकाच जेवणाच्या टेबलावर बाप आणि लेक पुस्तकं मांडून बसत, आणि बायको दोघांना सारखंच ओरडे. लेक हुशार, चटचट पाठ करणारी. तिच्याकडे राज्यशास्त्राचं ते प्रसिद्ध गाइड होतं, ज्याच्या बारा आवृत्त्या निघाल्या होत्या आणि ज्याच्या लेखकाला सगळा जिल्हा 'गाइडवाले सर' म्हणूनच ओळखत असे. पाठ्यपुस्तक कोणी उघडत नसे. गाइडात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर चार मुद्द्यांत तयार असे आणि प्रत्येक मुद्द्याला एक गुण. मुद्दा लिहिला की गुण, नाही लिहिला की भोपळा. इतकं सोपं होतं.

सुरक्षा परिषदेचा धडा आला तेव्हा लेकीने घडाघडा म्हणून दाखवलं, "परिषदेचे पंधरा सदस्य, त्यांपैकी पाच कायम, दहा दोन वर्षांसाठी निवडलेले. महत्त्वाच्या ठरावाला किमान नऊ मते लागतात. मात्र कायम सदस्यांपैकी एकानेही विरोधी मत दिल्यास अथवा तो तटस्थ राहिल्यास ठराव फेटाळला जातो. यालाच नकाराधिकार म्हणतात."

"तटस्थ राहिल्यावर पडत नाही," शांतिदूत म्हणाला.

"काय?"

"कायम सदस्य विरोधात गेला तर ठराव पडतो. नुसता तटस्थ राहिला तर नाही पडत. बाकीच्यांची नऊ मतं असली की झालं."

"बाबा, गाइडात लिहिलंय."

"अगं, मी तिथे होतो."

"तिथे होतात, पण पेपर इथे आहे," लेक म्हणाली, आणि तिने पान उलटलं.

आता तो तिथे होता म्हणजे काय, ते सांगायला हवं. परिषदेच्या त्या गोल टेबलाशी तो काही बसलेला नव्हता. तो हजारो मैल लांब, एका धुळीच्या रस्त्याच्या कडेला, वाळूच्या पोत्यांच्या चौकीत बसलेला होता. दोन गटांनी लढाई थांबवली होती आणि ती थांबलेली आहे की नाही हे बघायला शांतिसेना गेली होती. लढायला नव्हे. दोन्ही बाजूंची संमती घेऊन मधे उभं राहायचं, बंदूक फक्त स्वतःच्या बचावासाठी आणि सोपवलेल्या कामाच्या बचावासाठी, आणि जे दिसेल ते लिहायचं. पण ही शांतिसेना काही कायमची नसते. परिषद मुदत देते, सहा महिने, कधी वर्ष. मुदत संपत आली की नवा ठराव, नवं मतदान. म्हणजे शांतिदूताचं इथलं कंत्राट आणि तिथलं काम यात तसा फारसा फरक नव्हता.

पहिल्या खेपेला मतदान झालं तेव्हा चौकीतले सगळे रेडिओला कान लावून बसले होते. चौदा मतं बाजूने पडली. एक कायम सदस्य हातच वर करेना, ना बाजूने ना विरोधात. त्याच्या राजदूताने भाषण मात्र केलं, की आम्हाला हा ठराव बिलकूल पसंत नाही. झालं, चौकीतल्या एकाने सामान बांधायला घेतलं. तेव्हा त्यांचा अधिकारी हसून म्हणाला, "सोड ती पेटी. नापसंत आहे म्हणाला, नाही म्हणाला नाही." मुदत वाढली आणि ते तिथेच राहिले. दुसऱ्या खेपेला तेच मतदान पुन्हा झालं. तेरा बाजूने, निवडून आलेला एक तटस्थ, आणि विरोधात एक. तो एक कायम सदस्य होता. तेरा देश एका बाजूला आणि एक देश दुसऱ्या बाजूला, आणि जिंकला कोण, तर तो एकटा. या वेळी पेट्या खरोखर बांधाव्या लागल्या. हे असं अंगावरून गेलेलं असताना माणसाने तटस्थ आणि विरोधी एकच असं कसं लिहावं, सांगा.

पेपरात नेमका तोच प्रश्न आला. 'नकाराधिकाराचा शांतिरक्षणाच्या कार्यावर होणारा परिणाम थोडक्यात स्पष्ट करा. गुण चार.' लेकीला आपल्या केंद्रावर तो बघून आनंद झाला असणार. शांतिदूताला तर गहिवरूनच आलं. सबंध पेपरात हा एकच प्रश्न असा होता, की जो त्याला कोणाकडून शिकावा लागला नव्हता. त्याने पेन उचललं आणि चौकीतून अहवाल लिहावा तसं उत्तर लिहिलं. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं, ऐकीव लिहायचं नाही, ही त्याची सैन्यातल्या एकोणीस वर्षांची सवय. ती सवय परीक्षेत नडते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

निकाल लागला. लेक पहिल्या वर्गात. बाप राज्यशास्त्रात नापास, शंभरपैकी चौतीस. पास व्हायला लागतात पस्तीस. सवलतीचे जे काही गुण मिळतात ते तो इतिहासातच खर्चून बसला होता. आणि ज्या माणसाने शांतिसेनेत दोन खेपा काढल्या तो शांतिसेनेच्या धड्यात नापास झाला, ही बातमी फाटकापासून स्टाफरूमपर्यंत जायला किती वेळ लागतो? मधली सुट्टीसुद्धा अजून झाली नव्हती. लिपिक म्हणाला, "शांतिदूत, तुम्ही तिकडे नक्की गेला होतात ना? का टोपी बाजारातून आणली?" सगळे हसले. शांतिदूतही हसला, कारण न हसून सांगणार कोणाला. पण घरी गेल्यावर त्याने ताट सरकवून ठेवलं.

बायको म्हणाली, "अहो, एका गुणासाठी काय तोंड पाडून बसलात? पुढच्या वर्षी पुन्हा बसा."

"पुढच्या वर्षी जागा नसेल."

हे खरं होतं. मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत गुणपत्रिका आणा, नाहीतर जागा बाहेर जाहीर करावी लागेल. म्हणून त्याने उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. मंडळाचा नियम असा, की फेरतपासणी हवी तर छायाप्रत घ्यायची, ती विषयशिक्षकाला दाखवायची, शिक्षकाने कारण लिहून सही केली तरच अर्ज पुढे जातो. छायाप्रत आली, रंगीत. त्या उत्तराला चारपैकी दोन. 'तटस्थ राहिल्यास ठराव पडत नाही' या ओळीखाली लाल रेघ आणि कडेला 'चूक'. आणि शेवटच्या तीन ओळींवर आडवी लाल काट, कडेला 'अनावश्यक'.

शाळेतल्या राज्यशास्त्राच्या मॅडम तशा भल्या बाई होत्या. त्यांनी उत्तर वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"तुमचं बरोबर आहे," त्या हळूच म्हणाल्या, आणि दार लावलं आहे ना ते बघून घेतलं.

"मग सही करा, मॅडम."

"अहो, तुम्हाला कळत नाही. आदर्श उत्तर गाइडातून आलंय. तपासणाऱ्याने आदर्श उत्तर बघून चूक दिलं, त्याचा काय दोष? आणि विषय समितीचे अध्यक्ष कोण आहेत माहितीये? गाइडवाले सरच. मला एम.ए.ला त्यांनी शिकवलंय. माझ्या नेमणुकीच्या मुलाखतीलाही तेच होते."

"म्हणजे तुमचा पण नकाराधिकार का?"

मॅडमना हे लागलं. त्यांनी कागद ओढून घेतला आणि बराच वेळ पेन हातात धरून बसल्या. शेवटी त्यांनी जे लिहिलं ते असं: 'सदर मुद्द्याचा उचित स्तरावर यथावकाश फेरविचार होण्यास हरकत नसावी.' वाक्य असं, की उद्या कोणी पकडलं तर कुठूनही सुटता येईल. पण खाली सही होती, आणि अर्जाला सहीच लागत होती.

सुनावणी मंडळाच्या विभागीय कार्यालयात होती, दुसऱ्या मजल्यावर. लांबट खोली, मधे टेबल, भिंतीला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे छताला टेकलेले. टेबलाच्या टोकाला गाइडवाले सर. गोरेपान, पांढरेशुभ्र केस, शर्टाच्या खिशाला चार पेनं. दोन्ही बाजूंना समितीचे चार सदस्य, चौघंही त्यांचेच विद्यार्थी. दारापाशी एका छोट्या टेबलावर लिपिक बाई इतिवृत्त लिहायला बसलेल्या. मॅडमना म्हणणं मांडायला बोलावलं होतं, त्या भिंतीलगतच्या खुर्चीवर बसल्या. शांतिदूत उभाच राहिला, हात मागे बांधून. सवयीने.

गाइडवाले सर रागावलेले नव्हते, उलट प्रेमाने बोलले, आणि तेच जास्त अवघड गेलं. "हे बघा, तुम्ही सैन्यात होतात, आम्हाला आदर आहे. पण अनुभव वेगळा, अभ्यास वेगळा. संयुक्त राष्ट्रांची सनद वाचलीये का? मी वाचून दाखवतो. नऊ होकारार्थी मते, त्यात कायम सदस्यांची सहमतीची मते असली पाहिजेत. आता मला सांगा, जो तटस्थ राहिला तो सहमत झाला का?"

"नाही झाला, सर."

"मग?"

चारही सदस्यांनी माना डोलावल्या. सनदेत हे शब्द असतील हे शांतिदूताच्या गावीही नव्हतं. सर खोटं बोलत नव्हते, हीच पंचाईत होती. कागदावर जे लिहिलं होतं तेच ते वाचत होते.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. मॅडमचा. "सर, शब्द तसेच आहेत. पण परिषदेने पहिल्यापासून ते तसे वापरलेच नाहीत. कायम सदस्य तटस्थ असताना शेकडो ठराव मंजूर झालेत. आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे हा प्रश्न गेला होता, त्यांनीसुद्धा ही प्रथा मान्य केली." बोलताना त्यांच्या हातातला रुमाल पिळून निघत होता. "तुम्हीच मला सांगायचात, सर, की सनद वाचायची आणि मग परिषद काय करते तेही बघायचं."

सर लाल झाले. मग त्यांनी पाण्याचा पेला सरळ केला, पुन्हा वाकडा केला. त्यांना माहीत होतं. अहो, इतकी वर्षं शिकवलेला माणूस, त्यांना माहीत नसायला काय झालं? पहिल्याच आवृत्तीत घाईघाईत एक 'अथवा' घुसला, कोणी विचारलं नाही, आणि मग बारा आवृत्त्या तो तसाच छापत गेला. एक सदस्य, तोंडातल्या तोंडात, म्हणाला की मॅडमचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. दुसऱ्याने खोकून दुजोरा दिला. बाकीचे दोघं टेबलाच्या कडेकडे बघत होते, पण बघण्यावरून कळत होतं.

समितीचा नियम सरांनी स्वतःच समजावून सांगितला. "आदर्श उत्तरात बदल करायचा तर बहुमत लागतं. आणि अध्यक्षांनी हरकत घेतली तर बहुमत असूनही बदल होत नाही. हा नियम मी केलेला नाही, आधीपासून आहे." मग ते थांबले आणि एकदम खरं बोलले. "मी हात वर केला तर बारा आवृत्त्या चूक ठरतात. लाखभर मुलांनी हे लिहून गुण घेतलेत. उद्या वर्तमानपत्रात येईल. मी बाजूने मत देऊ शकत नाही. तुम्हीच सांगा, मी कसं देऊ?"

शांतिदूताने छायाप्रतीची गुंडाळी उलगडली, पुन्हा गुंडाळली. महिना संपायला सहा दिवस होते. त्याच्या डोळ्यांपुढे फाटकाजवळची ती खोली आली, नोंदवही आली, आणि दर वर्षीचा तो एक महिना आला, ज्यात घरात कोणी हसत नाही. मग तो दोन पावलं पुढे आला.

"सर, मी मधे बोललो तर चालेल का?"

सरांनी मान हलवली. शांतिदूताने चारही सदस्यांकडे बघितलं. त्यांनीही हलवल्या.

"तुम्ही बाजूने मत देऊ नका," तो म्हणाला. "तुम्हाला पटलेलं नाही, तर कशाला द्यायचं? पण विरोधात पण देऊ नका. मतदानाच्या वेळी नुसते बसून राहा. आणि भाषण करायचं तर खुशाल करा, की मला हे पसंत नाही. बाई लिहून घेतील. आमच्या वेळी त्या राजदूताने हेच केलं. घरी सांगायला त्याचा विरोध कायम राहिला, आणि इकडे आमचं काम चालू राहिलं. मोठ्यांची अब्रू तिकडे अशीच सांभाळतात, सर."

गाइडवाले सरांना किती सुटल्यासारखं झालं म्हणून सांगू. लाली उतरली, खांदे खाली आले. ते खाकरले आणि लिपिक बाईंकडे वळले. "लिहा. अध्यक्षांची भूमिका अशी, की सनदेच्या शब्दांचा काटेकोर विचार करता प्रस्तावित बदल त्यांना पसंत नाही. तथापि ते मतदानात तटस्थ राहत आहेत." मग एक प्रश्न उरला, की ज्या मुलांनी गाइडाप्रमाणे लिहून गुण घेतले त्यांचं काय. त्यावर सदस्यांनी अर्ध्या मिनिटात तोडगा काढला: दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत. म्हणजे तटस्थ राहिल्याने ठराव पडतो हेही बरोबर आणि पडत नाही हेही बरोबर. कोणाचा गुण जायला नको, कोणाचं नाक जायला नको. शांतिदूताने परिषदेचे बरेच ठराव ऐकले होते, त्याला यात काही नवीन वाटलं नाही.

मतदान झालं. चार हात वर आले. सर मांडीवर हात ठेवून छताकडे बघत होते.

लिपिक बाई लिहिता लिहिता वाचत होत्या, "बाजूने चार, विरोधात शून्य, तटस्थ एक, अध्यक्ष..." आणि त्या थबकल्या. त्यांचा मुलगा गेल्याच वर्षी बारावी झाला होता, गाइड त्यांच्या घरात वर्षभर टेबलावर होतं. त्यांनी मान वर केली आणि अगदी साळसूदपणे विचारलं, "सर, अध्यक्ष तटस्थ राहिले म्हणजे गाइडाप्रमाणे ठराव पडला ना? मी फेटाळला लिहू का?"

एका सदस्याला ठसका लागला. मॅडमनी रुमाल तोंडाला लावला आणि खिडकीकडे वळल्या. गाइडवाले सर बराच वेळ लिपिक बाईंकडे बघत राहिले. बारा आवृत्त्या त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक गेल्या असाव्यात.

"मंजूर लिहा," ते म्हणाले.

आणि असा शांतिदूत बारावी पास झाला. पस्तीस. ना कमी ना जास्त.

तो निघाला तेव्हा सरांनी त्याला हाक मारली. ते आता खुशीत होते, उदार झाले होते. छायाप्रत हातात घेऊन त्यांनी लाल काट मारलेल्या शेवटच्या तीन ओळींवर बोट ठेवलं. "एक सांगतो, राग मानू नका. हे असलं कशाला लिहिलंत? याला गुण नसतात. चार मुद्दे लिहायचे आणि पुढे जायचं."

"प्रश्नात परिणाम विचारला होता, सर," शांतिदूत म्हणाला.

सरांनी त्या तीन ओळी वाचल्या की नाही, कोण जाणे. त्यांनी कागद परत दिला आणि चष्मा खिशात ठेवला.

सहाव्या दिवशी गुणपत्रिका मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलावर होती, आणि पुढच्या महिन्यापासून शांतिदूत कार्यालयात, पंख्याखाली बसू लागला. निळी टोपी त्याने तिथे नेली नाही, खिळ्यालाच राहू दिली. लिपिकाने पहिल्याच दिवशी त्याला बाजूची खुर्ची दिली आणि टोपी कुठून आणली हे पुन्हा कधी विचारलं नाही. गाइडाची तेरावी आवृत्ती निघाली. मॅडमनी ती मुद्दाम उघडून दाखवली. 'अथवा तटस्थ राहिल्यास' हे शब्द जागच्या जागी होते. फक्त खाली बारीक अक्षरात एक टीप आली होती: 'काही अभ्यासकांच्या मते याउलटही मानले जाते.' मॅडम म्हणाल्या, "तुम्ही आता अभ्यासक झालात." दोघंही हसले, पण मॅडमना हसू फार वेळ टिकवता आलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. सुनावणीहून तो घरी आला त्या संध्याकाळी बायकोने आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग हातातल्या कागदाकडे, आणि एक गुण वाढला हे कळताच ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. लेक टेबलाशी बसली होती. इतके दिवस छायाप्रत घरात होती, पण तिने फक्त गुण बघितले होते. आज पहिल्यांदाच तिने उत्तर वाचायला घेतलं. वाचता वाचता ती शेवटच्या तीन ओळींवर आली. लाल काटेच्या खाली अक्षर नीट दिसत होतं:

'आमची चौकी अकरा दिवसांत रिकामी केली. रोज सकाळी गावातल्या बायका विहिरीवर जात तेव्हा आम्ही दोघे त्यांच्याबरोबर जात होतो, कारण एकट्या गेलेल्या दोघी पूर्वी परत आल्या नव्हत्या. आम्ही निघालो त्या सकाळी त्या घागरी घेऊन फाटकापाशी उभ्या होत्या, आम्ही येऊ म्हणून.'

"बाबा," ती म्हणाली, "मग पुढे त्यांचं काय झालं?"

"माहीत नाही."

"कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगणार कोण? काय होतंय ते बघून लिहायचं काम आमचंच होतं," शांतिदूत म्हणाला, आणि बूट काढायला खाली वाकला. एका बुटाची गाठ त्याला बराच वेळ सुटली नाही.

लेकीने कागद टेबलावर सरळ केला. कडेचा 'अनावश्यक' हा शब्द तिने बोटाने झाकून ओळी पुन्हा वाचल्या.

"मी गाइडातलेच चार मुद्दे लिहिले. मला या प्रश्नाला चारपैकी चार," ती म्हणाली.